लेखमाला: पैशाचं आज आणि उद्या – रिकामं ठेवलेलं वर्ष

या आठवड्यात परताव्याच्या अंतर्गत दराकडे वळायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या वेळी. भोसरीच्या एका वाचकांनी आपल्या नव्या व्हीएमसी मशीनचा हिशेब पाठवलाय आणि त्यात एक रिकामा चौकोन आहे. मला त्या चौकोनाबद्दलच लिहायचंय.

मशीन, फिक्स्चर आणि फाउंडेशन धरून आज 40 लाख जाणार. चाकणच्या एका कंपनीचा नवा पार्ट मिळालाय. पण सॅम्पल, तपासणी आणि मंजुरी यांत पहिलं वर्ष जाणार, हातात काही पडणार नाही. पुढे मजुरी, वीज, टूलिंग, कर सगळं वजा जाता दुसऱ्या वर्षी 10 लाख, तिसऱ्या वर्षी 18, चौथ्या वर्षीही 18 आणि पाचव्या वर्षी 16. या 16 मध्ये मशीन विकून येणारे 6 लाख धरलेत. बँकेचं व्याज आणि घरच्या भांडवलाची अपेक्षा मिळून त्यांनी 14 टक्के वटाव दर घेतलाय, तो मला रास्त वाटतो.

एकूण येणार 62 लाख. त्यांच्या अकाउंटंटनी पाचाने भागून वर्षाला सरासरी 12 लाख 40 हजार काढले आणि तेवढी रक्कम पाचही वर्षं धरली. वर्तमान मूल्य आलं 42 लाख 57 हजार, म्हणजे 40 वजा जाता 2 लाख 57 हजार शिल्लक. मशीन घ्या, असा कौल मिळाला. पण सरासरी काढताना तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या भरघोस रकमेतला काही भाग पहिल्या वर्षात येऊन बसला, आणि पहिल्या वर्षी तर खरं म्हणजे एक रुपयाही येणार नाही. ओघ असमान असला की प्रत्येक वर्षाची रक्कम तिच्या स्वतःच्या वर्षातूनच आजपर्यंत आणायला हवी.

वाचकांनी स्वतः तेच केलं, पण एक्सेलमध्ये. C2 मध्ये उणे 40, C3 ते C7 मध्ये पाच वर्षं, आणि सूत्र असं:

```
=NPV(14%,C3:C7)+C2
```

सूत्र बरोबर आहे. हे फंक्शन यादीतली पहिली रक्कम एक वर्षाने येणारी समजतं, म्हणून आजचे 40 लाख त्यांनी बाहेर ठेवले तेही योग्यच. उत्तर आलं अधिक सव्वाचार लाख. अकाउंटंटच्या आकड्यापेक्षाही चांगलं! घोटाळा C3 मध्ये आहे. पहिल्या वर्षी पैसे नाहीत म्हणून तो चौकोन त्यांनी रिकामा सोडला. एक्सेल रिकाम्या चौकोनाला शून्य मानत नाही, तो नसल्यासारखाच धरतं. त्यामुळे दुसऱ्या वर्षाचे 10 लाख पहिल्या वर्षी आले आणि नंतरचं सगळं एकेक वर्ष अलीकडे सरकलं. तिथे 0 टाइप केलं की उत्तर बदलतं.

हातानेही करून पाहा. 10 लाखांना 1.14 ने दोनदा भागलं की 7.69 लाख. तिसऱ्या वर्षाचे 18 लाख तीनदा भागून 12.15, चौथ्याचे 18 लाख 10.66 आणि पाचव्याचे 16 लाख 8.31. बेरीज 38.81 लाख. निव्वळ वर्तमान मूल्य उणे 1 लाख 19 हजार.

नियम साधा आहे: उत्तर शून्याच्या वर असेल तर प्रकल्प घ्यावा, खाली असेल तर सोडावा, बरोबर शून्य असेल तर घेतला काय, नाही घेतला काय, सारखंच. पण इथला उणे आकडा नीट वाचायला हवा. 40 घालून 62 येतात, तेव्हा पैसे बुडत नाहीत. हे मशीन 14 टक्के देत नाही, एवढंच तो सांगतो. दर 12 टक्के धरला तर हेच उत्तर अधिक 1 लाख 30 हजार होतं. म्हणून उत्तर आवडलं नाही की दर उतरवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण दूरच्या वर्षांचा भरवसा नसतो. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं, तेव्हा त्याच गाड्यांवर अवलंबून असलेल्या पुरवठादारांच्या हिशेबातली पुढची वर्षं कोरी झाली. आपल्या वाचकांचे पाचव्या वर्षाचे ऑर्डरचे 10 लाख आले नाहीत, तर आजच्या मोलाने आणखी 5 लाख 19 हजार जातात.

मग ऑर्डर सोडायची का? मला तसं वाटत नाही, कारण तूट ज्या वर्षामुळे आली, तेच वर्ष भरता येईल. उणे 1 लाख 19 हजारांना 1.14 ने गुणलं की साधारण 1 लाख 35 हजार येतात. पहिल्या वर्षी खर्च जाऊन एवढे सुटले, तर उत्तर शून्यावर येतं. महिन्याला सव्वाअकरा हजारांच्या वर जे सुटेल, ते शून्याच्या वरचं. मंजुरी येईपर्यंत मशीन तसंही उभंच राहणार आहे. भोसरीत शेजारच्या शेडचं जॉबवर्क त्यावर घेता येईल का, हे त्यांनी मशीनची ऑर्डर देण्याआधी विचारून यावं, आणि जो आकडा मिळेल तो C3 मध्ये भरावा.