'न्यायामृत' आणि 'अद्वैतसिद्धी': जीव-ब्रह्मभेदाच्या वादाचा मागोवा

जीव आणि ब्रह्म एकच आहेत की भिन्न, या प्रश्नावर वेदान्तात आठव्या शतकाच्या सुमारापासून, म्हणजे शंकराचार्यांच्या काळापासून, वाद चालू होता. पण त्याची सर्वांत कसोशीची फेरी झाली ती सोळाव्या शतकात, विजयनगरच्या राजाश्रयातील व्यासतीर्थ आणि काशीतील मधुसूदन सरस्वती यांच्या ग्रंथांमधून. शंकराचार्यांच्या मते आत्मा हा शुद्ध चैतन्य असून त्याचे जीवपण अविद्येमुळे भासते, आणि जगावर सत्ता चालवणारा सर्वज्ञ ईश्वरही मायेच्या उपाधीतूनच, म्हणजे मायेने घातलेल्या मर्यादेतूनच, दिसणारे ब्रह्म होय. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी याच्या थेट उलट बाजू घेतली: ईश्वर, जीव आणि जड पदार्थ यांच्यातील पाचही प्रकारचे भेद सत्य आहेत, आणि मोक्षातही जीव विष्णूहून भिन्न व त्याच्या अधीनच राहतो. पुढे जयतीर्थांनी, ज्यांचे मूळ गाव परंपरेने मंगळवेढे मानले जाते, 'न्यायसुधा' या टीकेत या मताला तर्कशास्त्राची शिस्त आणली, आणि व्यासतीर्थांना ही तयार शस्त्रे हाती मिळाली.

व्यासतीर्थांनी 'न्यायामृत'मध्ये पहिला घाव अभेदावर न घालता मिथ्यात्वाच्या कल्पनेवर घातला, आणि त्यातच त्यांचे चातुर्य आहे. कारण जीवाचे वेगळेपण खोटे ठरवायचे असेल तर 'खोटे' म्हणजे काय हे अद्वैत्याला आधी सांगावे लागते. पद्मपाद, प्रकाशात्मन्, चित्सुख आणि आनंदबोध या आचार्यांनी केलेल्या मिथ्यात्वाच्या व्याख्या एकेक करून तपासल्यावर व्यासतीर्थांनी कोंडीत पकडणारा प्रश्न विचारला: जगाचे हे मिथ्यात्व स्वतः सत्य की मिथ्या? सत्य म्हणावे तर ब्रह्माखेरीज दुसरी सत्य वस्तू मान्य करावी लागते व अद्वैत मोडते. मिथ्या म्हणावे तर जगाचे सत्यत्व परत येते.

मधुसूदनांनी 'अद्वैतसिद्धी'त दुसरा पर्याय स्वीकारला, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाकारला. दोन विरोधी धर्मांपैकी एकाचा निषेध केला की दुसरा आपोआप सिद्ध होतो, हे गृहीतच सरसकट खरे नाही, असे ते दाखवतात. हत्तीच्या ठिकाणी गोत्व आणि अश्वत्व या दोहोंचा निषेध एकाच आधारावर होतो, म्हणून गोत्व नाकारल्याने हत्ती घोडा ठरत नाही. त्याचप्रमाणे 'दृश्यत्व', म्हणजे ज्ञानाचा विषय असणे, हाच जगाचे सत्यत्व आणि मिथ्यात्व या दोहोंना नाकारणारा समान हेतू आहे. उत्तर देखणे असले तरी येथे सगळा भार 'जे दृश्य ते मिथ्या' या व्याप्तीवर येऊन पडतो, आणि द्वैती नेमके तेच मान्य करत नाही.

खरी अडचण मात्र आत्म्याच्या अनुभवाशी येते. द्वैत मतानुसार 'साक्षी' हे जीवाचेच स्वरूपभूत ज्ञानसाधन असून 'मी सर्वज्ञ नाही, मी दुःखी आहे' हे त्यालाच थेट कळते. शिवाय ब्रह्म सर्वज्ञ आहे हे श्रुतीनेच सांगितलेले, तेव्हा ऐक्याची श्रुती ज्या ज्ञानावर उभी आहे त्यालाच ती बाधित करू शकत नाही. या आक्षेपाला 'उपजीव्यविरोध' म्हणतात. मधुसूदन उत्तर देतात की चंद्र डोळ्यांना वीतभर दिसतो, तरी शास्त्राने त्याचे खरे मान कळतेच, म्हणून प्रत्यक्षाला व्यवहारापुरते प्रामाण्य असते, अंतिम नव्हे. श्रुती प्रत्यक्षाच्या व्यावहारिक अंगावर अवलंबून असते, आणि त्याला ती हात लावत नाही. यावर द्वैतीचे म्हणणे असे की चंद्राच्या दर्शनात दूरत्वाचा दोष दाखवता येतो, पण सुखदुःखाच्या अनुभवात असा दोष कोणता? अद्वैती गाढ झोपेकडे बोट दाखवतो: तेथे 'मी' हा अहंकार लोपतो, तरी चैतन्य उरते. द्वैती त्याच झोपेचा दाखला उलटवून म्हणतो की उठल्यावर 'मी सुखाने झोपलो' अशी आठवण होते, म्हणजे 'मी' तेथे होताच.

हा भक्ती आणि ज्ञान यांचा कलह होता असे अनेकदा सांगितले जाते, ते बरोबर नाही: मधुसूदन स्वतः कृष्णभक्त होते आणि त्यांनी 'भक्तिरसायन' लिहिले. वादही 'अद्वैतसिद्धी'ने मिटला नाही. व्यास रामाचार्यांनी मधुसूदनांकडेच अध्ययन करून नंतर 'न्यायामृततरंगिणी'त त्यांचे खंडन केले, अशी परंपरेची कथा आहे. या 'तरंगिणी'ला गौड ब्रह्मानंदांनी 'लघुचंद्रिके'त उत्तर दिले, आणि प्रत्येक नव्या टीकेत मूळ प्रश्नाच्या जागी नव्यन्यायाच्या परिभाषेतील अवच्छेदक आणि प्रतियोगी अधिकाधिक जागा व्यापू लागले.