‘सीएनसी बघितलं’ म्हणजे नेमकं काय बघितलं?

कात्रज, धनकवडी, आंबेगाव हा सगळा पट्टा इंजिनिअरिंगच्या मुलांचा. भारती विद्यापीठाचं कॉलेज इथलंच, नऱ्हे-वडगावची कॉलेजंही जवळच. बोगदा ओलांडून साताऱ्याच्या दिशेनं गेलं की खेड-शिवापूर आणि पुढं शिरवळचे कारखाने लागतात. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष सुरू झालं की इथल्या कॉट बेसिसच्या खोल्यांत मुलाखतीची तयारी सुरू होते, आणि तिच्यासोबत काही समजुतीही एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जात राहतात. थर्मोडायनॅमिक्सचे नियम पाठ असले की झालं, ही त्यातली एक. मुलाखत घेणारा पहिला प्रश्न पुस्तकातला विचारतो हे खरं. पण दुसरा आणि तिसरा प्रश्न तो तुमच्या बायोडेटातल्या ओळीवर विचारतो, आणि निकाल बहुतेक वेळा तिथं लागतो.

‘डेअरीतली इंटर्नशिप म्हणजे कोअर नव्हे’

इंटर्नशिप गाडीच्या कारखान्यात असेल तरच तिला वजन, असं मुलं मानतात. दूध डेअरीत किंवा साखर कारखान्यात महिना काढलेला मुलगा ती ओळ बायोडेटाच्या तळाशी ढकलतो. वास्तविक थर्मोडायनॅमिक्स डोळ्यांनी बघायचं असेल तर डेअरीसारखी जागा नाही. कात्रजकरांना तर हे सांगायलाच नको. जिल्हा दूध संघाची डेअरी गावाचं नाव पिशवीवर घेऊन घराघरात जाते. अशा कुठल्याही प्रकल्पात एका छपराखाली बॉयलर, अमोनियावर चालणारा शीतकरण प्रकल्प, पंप आणि प्लेट हीट एक्स्चेंजर असतात.

पाश्चरायझेशनचंच बघा. सतत चालणाऱ्या पद्धतीत दूध किमान 72 अंश सेल्सिअसला नेतात, 15 सेकंद त्या तापमानाला ठेवतात आणि मग 4 अंशांपर्यंत थंड करतात. उदाहरणापुरतं धरू की तासाला 10,000 लिटर दूध जातं, म्हणजे सेकंदाला साधारण 2.86 किलो. दुधाची विशिष्ट उष्णता सुमारे 3.9 किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. 4 अंशांचं साठवलेलं दूध 72 अंशांवर न्यायचं तर 68 अंशांची वाढ हवी. गुणाकार केला की जवळपास 760 किलोवॅट येतात. तेवढी उष्णता बॉयलरनं द्यायची आणि पुढच्याच मिनिटाला तेवढीच शीतकरण यंत्रणेनं काढून घ्यायची, असा उफराटा धंदा कोण करेल?

म्हणून तापलेलं दूध आणि आत येणारं थंड दूध पातळ प्लेटच्या दोन बाजूंनी उलट दिशांना वाहवतात. यालाच रीजनरेशन म्हणतात. थंड दूध वाटेतच 62 अंशांपर्यंत तापतं आणि गरम दूध 14 अंशांपर्यंत उतरतं. मग बाहेरून द्यायची राहते ती फक्त शेवटच्या 10 अंशांची उष्णता, म्हणजे सुमारे 112 किलोवॅट. शेवटचं थंड करणंही तेवढंच.

‘मग हेही 10 अंश का वाचवत नाहीत?’ हा प्रश्न आला की उमेदवार गडबडतो. उत्तर मात्र सरळ आहे. उष्णता वाहायला तापमानात फरक लागतो. फरक शून्याकडे न्यायचा तर प्लेटचं क्षेत्रफळ अनंताकडे न्यावं लागेल, आणि प्लेटला पैसे पडतात. दुसऱ्या नियमाची व्याख्या घोकणाऱ्यापेक्षा हे सांगणारा नक्कीच उजवा. याहून अवघड प्रश्न असतो, ‘प्लेटला बारीक भोक पडलं तर?’ मग कच्चं दूध पाश्चराइज्ड दुधात मिसळेल. तसं होऊ नये म्हणून पाश्चराइज्ड बाजूचा दाब मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर ती कच्च्या दुधाकडे होते. हे थर्मोच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. तिथल्या ऑपरेटरला विचारलं तर कळतं.

‘सीओपी एकाच्या वर म्हणजे ऊर्जा जास्त मिळाली’

फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर बंद खोली थंड होईल का? फ्रेशरच्या मुलाखतीतला हा जुनाच सापळा. खोली हळूहळू तापते, हे उत्तर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ‘सीओपी 3.5 कसा? पहिला नियम मोडला का?’ असं विचारलं की तीच मुलं गप्प होतात, कारण सीओपी म्हणजे कार्यक्षमता अशी त्यांची समजूत असते.

पुन्हा डेअरीतच जाऊ. दुधातून 112 किलोवॅट उष्णता काढायची आहे आणि सीओपी 3.5 धरला, तर कॉम्प्रेसरला 32 किलोवॅट काम द्यावं लागेल. हे 112 किलोवॅट कॉम्प्रेसरनं निर्माण केलेले नाहीत. ते दुधात होतेच, कॉम्प्रेसरनं फक्त ते थंड बाजूकडून गरम बाजूकडे ढकलले. कंडेन्सरमधून बाहेर पडतात 144 किलोवॅट. हिशेब पुरता जुळतो, नियम शाबूत राहतो. उघड्या फ्रिजचंही तेच: मागच्या जाळीतून बाहेर पडणारी उष्णता आतून काढलेल्या उष्णतेपेक्षा नेहमी कॉम्प्रेसरच्या कामाइतकी जास्त असते.

मर्यादा दुसरा नियम घालतो. अमोनिया उणे 10 अंशांना उकळतो आणि 40 अंशांना द्रवरूप होतो असं धरा. केल्व्हिनमध्ये 263 आणि 313. आदर्श सीओपी 263 भागिले 50, म्हणजे जेमतेम 5.3. याच तापमानांना कुणी 6 सांगितला तर आकडा चुकलाय हे यंत्र न बघताही म्हणता येतं. इथंच एक गोष्ट निसटते: सेल्सिअसमध्ये भागाकार करणारे अजून भेटतात. उणे 10 भागिले 50 काढून उणे उत्तर आल्यावर ते फळ्याकडे बघत राहतात.

‘व्हर्नियरनं मोजलं, माप बरोबर आलं’

मॅन्युफॅक्चरिंगमध्ये गैरसमजांची जास्त गर्दी आहे. लेथ आणि मिलिंगमधला फरक सगळ्यांना सांगता येतो. अडतं ते मापाशी.

ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास 25 मिलिमीटर आणि पुढं जी-6 असं लिहिलंय समजा. याचा अर्थ शाफ्ट 24.980 ते 24.993 च्या मधे हवा. ज्या बुशमध्ये तो बसणार त्याचं भोक एच-7, म्हणजे 25.000 ते 25.021. दोन्ही टोकं धरून मोकळीक 7 ते 41 मायक्रॉन पडते, म्हणून शाफ्ट बुशमध्ये सहज फिरतो. एवढं सांगितलं की समोरचा विचारतो, ‘शाफ्ट कशानं मोजला?’ आणि उमेदवार आत्मविश्वासानं म्हणतो, ‘व्हर्नियरनं, सर.’

कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट 0.02 मिलिमीटर, म्हणजे 20 मायक्रॉन. इथं तर अख्खा टॉलरन्सच 13 मायक्रॉनचा आहे. त्या व्हर्नियरला चांगला आणि वाईट शाफ्ट वेगळा ओळखताच येणार नाही. इथं एक मायक्रॉन दाखवणारा मायक्रोमीटर हवा, किंवा रोज शेकडो जॉब तपासायचे असतील तर गो-नो गो स्नॅप गेज. आणि उलट बाजूनं, टॉलरन्स जितका बारीक तितकं काम चांगलं, हाही गैरसमजच. बुशिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला जी-6 लागतो. दरवाज्याच्या बिजागरीच्या पिनेला तो दिला तर ग्राइंडिंगचा खर्च उगाच वाढतो.

आता याच शाफ्टवर थर्मो आणि मॅन्युफॅक्चरिंग एकत्र येतात, आणि माझ्या मते हा प्रश्न फ्रेशरला विचारण्यासारखा सर्वांत चांगला आहे. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब हाताला गरम लागतो. तो मायक्रोमीटरपेक्षा 30 अंशांनी गरम असेल, तर स्टीलचा प्रसरण गुणांक 11.5 दशलक्षांश धरून 25 मिलिमीटरमागे साधारण 8.6 मायक्रॉनचा फुगवटा येतो. गरम असताना माप 24.986 आलं, म्हणजे पट्ट्याच्या अगदी मधोमध. पोरगं खुश. जॉब निवल्यावर तोच 24.977 भरतो, म्हणजे खालच्या हद्दीच्याही खाली आणि थेट रिजेक्ट. कूलंट नीट पडतंय का, जॉब निवू देऊन मोजला का, याला शॉपमध्ये इतकं महत्त्व का असतं ते यातून कळतं. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश ठरलेलं आहे, तेही याच कारणानं.

‘इंटर्नशिपमध्ये आम्ही सीएनसी हाताळलं’

या वाक्यात दोन गोष्टी खटकतात, ‘आम्ही’ आणि ‘हाताळलं’. मुलाखत घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की चार आठवड्यांच्या मुलाच्या हाती कुणी चालू उत्पादनातलं सीएनसी देत नाही. त्यामुळं मोठा शब्द वापरला की शंका वाढते आणि प्रश्न कठीण होतात. ‘बघितलं’ म्हणायला मुलं लाजतात, कारण त्यात कमीपणा वाटतो. पण नीट बघितलेल्या माणसाचं उत्तर असं असतं:

‘सर, पंपाचे शाफ्ट करणाऱ्या एका लहान युनिटमध्ये होतो. मशीन ऑपरेटर चालवायचे, मी चालवलेलं नाही. माझं काम दर तासाला पाच जॉब मोजून तक्त्यात भरायचं. सकाळी नवा इन्सर्ट लावला की माप मधोमध यायचं आणि दुपारपर्यंत वरच्या हद्दीकडं सरकायचं. मग ऑपरेटर ऑफसेट बदलायचे.’

यात विशेष शब्द एकही नाही. तरी त्यातून चार प्रश्न निघतात, आणि त्या मुलानं खरंच तक्ता भरला असेल तर चारही त्याला येतात. माप वर का सरकतं? इन्सर्टची धार झिजली की ती जॉबपासून थोडी मागं सरकते, धातू कमी कापला जातो आणि बाहेरचा व्यास वाढतो. मग ऑफसेट कुठल्या दिशेला? उणे. हेच बोअरिंग असतं तर? तिथं झिजेनं भोक लहान होतं, म्हणून ऑफसेट उलट. चौथा प्रश्न वेगाचा: कार्बाइड इन्सर्ट, कटिंग स्पीड मिनिटाला 150 मीटर, व्यास 25, तर फेरे किती? 1000 गुणिले 150 भागिले पाय गुणिले 25, म्हणजे सुमारे 1,900. फीड 0.2 आणि लांबी 100 मिलिमीटर असेल तर एका पाससाठी जेमतेम 16 सेकंद लागतात. हायस्पीड स्टीलचं टूल घेतलं आणि स्पीड 30 मीटरवर आला, तर फेरे 380 च्या आसपास येतात आणि त्याच पासला सव्वा मिनिटाहून जास्त वेळ लागतो.

ज्यांची इंटर्नशिप कागदावरच झाली, त्यांच्यासाठीही कॉलेजच्या वर्कशॉपमधला एक जॉब पुरतो. स्टेप टर्निंगचा असो की फिटिंगचा, मटेरियल कुठलं होतं, कच्चा तुकडा किती मापाचा होता, कुठल्या क्रमानं कापला, कशानं मोजला आणि बिघडला असेल तर नेमका कुठं, एवढं जर्नल न बघता सांगता आलं पाहिजे. ‘लेथवर टेपर टर्निंग केलं’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: ‘कम्पाउंड रेस्ट किती अंशांनी फिरवला होता?’