दोन अक्षांचा आलेख

स्प्रेडशीटमध्ये एका आकडेमालिकेला `Secondary Axis` दिला की तिची मोजपट्टी उजवीकडे वेगळी उभी राहते. टायलर व्हिगेन यांनी प्रसिद्ध केलेले उदाहरण घ्या. अमेरिकेतील मेन राज्याचा घटस्फोटाचा दर 2000 ते 2009 या काळात हजारी 5.0 वरून 4.1 वर आला, तर देशातील दरडोई मार्गारिनचा खप 8.2 पौंडांवरून 3.7 वर. डावा अक्ष 4 ते 5 आणि उजवा 3.5 ते 8.5 ठेवला, की दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. हा मेळ मोजपट्ट्या निवडणाऱ्याने घडवलेला असतो.

असा आलेख दिसला की आधी दोन्ही अक्षांचे आरंभ आणि शेवट वाचावेत. मग प्रत्येक मालिकेचे पहिले वर्ष 100 धरून दोन्ही एकाच अक्षावर काढाव्यात. इथे घटस्फोट 82 वर थांबतात, मार्गारिन थेट 45 वर, आणि रेषा फाकतात.

सहसंबंधाचा गुणांक मात्र 0.99 च राहतो, कारण मोजपट्टी बदलल्याने तो बदलत नाही. त्यामागचे कारण निराळे आहे: बिंदू जेमतेम दहा, दोन्ही मालिका उतरत्या, आणि ही जोडी संगणकाने असंख्य जोड्या ताडून वेचलेली. म्हणून जोडी कशी निवडली, हेही विचारावे.