आम्ल रक्तात, उत्तर श्वासात

अपघात विभागात अधूनमधून असा रुग्ण येतो. सोबतचे नातेवाईक सांगतात, 'डॉक्टर, सकाळपासून धाप लागली आहे, दमा असेल.' श्वास खरोखरच खोल आणि जलद चालू असतो. पण छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजू स्वच्छ, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ टक्के. फुप्फुसे ठणठणीत असूनही रुग्ण दोन मजले धावत चढून आल्यासारखा श्वास घेत असतो. ग्लुकोमीटरवर साखर पाचशेच्या आसपास निघते आणि विचारल्यावर कळते, की दोन-तीन दिवस इन्सुलिन घेतलेलेच नाही. ॲडॉल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली मधुमेहाच्या रुग्णांमधल्या या श्वासाचे वर्णन केले, म्हणून त्याला आजही त्यांचेच नाव आहे. हा श्वास असा का चालतो, याचे उत्तर अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रातल्या 'बफर द्रावण' या धड्यात आहे.

द्रावण किती आम्लधर्मी आहे, हे त्यात मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत यावर ठरते. पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला 'सामू', हे त्याचेच माप; आयन वाढले की पीएच कमी होतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. ७.४ पीएच म्हणजे एक लिटर रक्तद्रवात फक्त ४० नॅनोमोल मोकळे हायड्रोजन आयन. एक मिलिमोल म्हणजे दहा लाख नॅनोमोल, हे लक्षात घेतले तर ही मात्रा किती नगण्य आहे ते कळते.

आता एक लिटर शुद्ध पाण्यात १० मिलिमोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकू. प्रयोगशाळेतल्या धूर सोडणाऱ्या संहत आम्लाचे हे जेमतेम ०.८ मिलिलिटर. तीव्र आम्ल पाण्यात पूर्ण विघटित होते, आयनांना धरून ठेवणारे तिथे कोणी नसते. पाण्याचा पीएच ७ वरून थेट २ वर येतो, साधारण लिंबाच्या रसाइतका. इन्सुलिन बंद झाले की शरीर चरबी जाळू लागते आणि यकृतात कीटोआम्ले तयार होतात. ही आम्ले मुळात सौम्य असली, तरी रक्ताच्या पीएचला त्यांचे जवळजवळ पूर्ण विघटन होते. त्यामुळे रक्ताच्या दृष्टीने ती तीव्र आम्लासारखीच वागतात. एका लिटरमागे १० मिलिमोल आम्ल साचणे ही अशा रुग्णात रोजची गोष्ट आहे. तरीही रुग्णाचा पीएच २ होत नाही, बहुधा ७.३ च्या आसपास राहतो. कारण रक्तात बफर असतो.

बफर म्हणजे सौम्य आम्ल आणि त्याचाच आम्लारी जोडीदार यांचे मिश्रण. रक्तातली मुख्य जोडी कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांची. त्यांचा समतोल असा लिहितात:

CO₂ + H₂O ⇌ H₂CO₃ ⇌ H⁺ + HCO₃⁻

बाण दोन्ही बाजूंना आहेत. उजवीकडे हायड्रोजन आयन वाढले, तर बायकार्बोनेट त्यांना पकडते आणि समतोल डावीकडे सरकतो; कार्बोनिक आम्ल तयार होऊन त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. मोकळ्या आयनांची संख्या मात्र एका नियमाने बांधलेली राहते. अमेरिकन शास्त्रज्ञ लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ साली मांडलेला हा संबंध रक्तासाठी साध्या गुणाकारात सांगता येतो: मोकळे हायड्रोजन आयन, नॅनोमोलमध्ये, म्हणजे विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडला बायकार्बोनेटने भागून सुमारे ८०० ने गुणलेली संख्या. निरोगी माणसाच्या एका लिटर रक्तद्रवात बायकार्बोनेट २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल असतो. १.२ भागिले २४, गुणिले ८००, उत्तर ४०. म्हणजेच पीएच ७.४.

याच रक्ताला १० मिलिमोल तीव्र आम्ल देऊन पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून फक्त बायकार्बोनेट धरू; प्रत्यक्षात हिमोग्लोबिन, प्रथिने आणि हाडेही आम्लाचा काही भाग उचलतात.

समजा, रक्त बूच लावलेल्या बाटलीत आहे. १० मिलिमोल आयन १० मिलिमोल बायकार्बोनेटला खातील, म्हणजे २४ चे १४ उरेल. तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होईल आणि बाटलीतच अडकून राहील: १.२ चे ११.२. आता ११.२ भागिले १४, गुणिले ८००, म्हणजे ६४० नॅनोमोल. पीएच ६.२. पाण्याच्या २ पेक्षा हे कितीतरी बरे, पण या पीएचला माणूस जगत नाही. बंद बाटलीतला बायकार्बोनेट बफर आपल्या गरजेला अपुरा आहे.

आता बूच काढू. तयार झालेला जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ देऊ आणि त्याची पातळी पुन्हा १.२ वर आणू. बायकार्बोनेट १४ च आहे. गणित करा: सुमारे ६९ नॅनोमोल, पीएच ७.१६. आम्ल तेवढेच, बायकार्बोनेट तेवढेच खर्च झालेले. फक्त वायूला वाट मिळाली आणि पीएच ६.२ वरून ७.१६ वर आला. शरीरात ही वाट म्हणजे फुप्फुसे.

शरीर एवढ्यावर थांबत नाही. मानेतल्या धमन्यांजवळच्या आणि मेंदूच्या तळातल्या संवेदक पेशींना वाढलेले आम्ल कळते आणि त्या श्वासाची गती आणि खोली वाढवायला लावतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब नेहमीच्या ४० वरून २९ पर्यंत उतरतो, म्हणजे विरघळलेला वायू १.२ ऐवजी ०.८७. आता ०.८७ भागिले १४, गुणिले ८००: सुमारे ५० नॅनोमोल, पीएच ७.३०. कुसमाउल श्वासाचा अर्थ हा आहे. वरच्या समीकरणातली डावी बाजू रुग्ण सतत रिकामी करत असतो, म्हणून उजवीकडच्या आयनांना बसायला जागा मिळत राहते.

हे समजले, की धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट वाचण्याची रीत बदलते. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० हा आकडा छापील तक्त्यात 'नॉर्मल' असतो. पण बायकार्बोनेट १४ असताना दाब ४० असेल, तर तो रुग्ण श्वासाने साथ देत नाही, असा त्याचा अर्थ. दाब किती असायला हवा, यासाठी आम्ही विंटर्स यांचे सूत्र वापरतो: बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८. १४ ची दीडपट २१, अधिक ८ म्हणजे २९. दोन आकडे इकडेतिकडे चालतात. प्रत्यक्ष दाब यापेक्षा बराच जास्त असेल, तर रुग्ण दमत चालला आहे, गुंगीत आहे, किंवा त्याच्या फुप्फुसांत न्यूमोनियासारखे दुसरे काहीतरी आहे, हे शोधावे लागते.

सर्वांत मोठा धोका इथेच असतो. समजा, रुग्ण जास्त गंभीर आहे आणि बायकार्बोनेट ६ वर आले आहे. सूत्राप्रमाणे त्याने दाब १७ पर्यंत उतरवला आहे, म्हणून पीएच ७.१७ वर टिकला आहे. असा रुग्ण तळमळत असतो, हातपाय झाडतो. त्याला शांत करायला झोपेचे इंजेक्शन दिले, किंवा व्हेंटिलेटरवर घेताना श्वासाची गती नेहमीसारखी लावली आणि दाब 'नॉर्मल' ४० वर गेला, तर काय होईल? १.२ भागिले ६, गुणिले ८००: १६० नॅनोमोल, पीएच ६.८. नवे आम्ल थेंबभरही न घालता बाटलीला बूच बसले आणि काही मिनिटांत हृदय बंद पडण्याची वेळ आली. म्हणून अशा रुग्णाला व्हेंटिलेटर लावणे टाळता येत नसेल, तर तो स्वतः घेत होता तेवढाच जोरदार श्वास यंत्राने द्यावा लागतो.

श्वासालाही मर्यादा आहे. बायकार्बोनेटच संपत आले, तर थोडे आम्लही जड जाते. सुरुवातीला २४ मधले २ मिलिमोल खर्च झाले, तर श्वास तसाच राहूनही पीएच ७.४० चा ७.३६ होतो, रुग्णाला पत्ताही लागत नाही. पण बायकार्बोनेट ४ वर आलेले असताना, दाब १४ पर्यंत उतरवूनही पीएच ७.०८ असतो. श्वास याहून वाढत नाही आणि त्यातले आणखी २ मिलिमोल गेले, तर पीएच ६.७७ होतो. आम्ल दोन्ही वेळा सारखेच, घसरण मात्र पहिल्या वेळी ०.०४ आणि दुसऱ्या वेळी ०.३१. 'सकाळी तर बोलत होता, दुपारी असा कसा झाला?' या नातेवाइकांच्या प्रश्नाचे एक उत्तर या आकड्यांत आहे.

मग खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच, का देत नाही? तो आम्लाशी मिळाला की पुन्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो बाहेर टाकायचे काम आधीच दमलेल्या श्वासावर पडते. शिवाय त्याने रक्तातले पोटॅशियम खाली येते. म्हणून शिरेतून सोडा देण्याचा विचार पीएच ६.९ ते ७.० च्या खाली गेल्यावरच होतो. खरा उपाय म्हणजे आम्लाचा कारखाना बंद करणे: सलाइन, इन्सुलिन आणि गरजेप्रमाणे पोटॅशियम. इन्सुलिन मिळाले की नवी कीटोआम्ले बनणे थांबते. जुनी जळतात तेव्हा त्यांनी खाल्लेले बायकार्बोनेट परत मिळते. लघवीतून गेलेला वाटा मूत्रपिंडे पुढच्या काही दिवसांत भरून काढतात.

घरी मधुमेही माणूस असेल, विशेषतः इन्सुलिनवर असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. उलट्या, पोटदुखी, खूप तहान आणि त्यासोबत खोल, न थांबणारा श्वास दिसला, कधी तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला, तर घरी लिंबूपाणी, सोडा किंवा झोपेची गोळी देऊ नका आणि दम्याचा पंप शोधत बसू नका. आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा. ग्लुकोमीटरने साखर तपासा आणि थेट रुग्णालय गाठा. श्वास मंदावला म्हणून 'आता बरे वाटते आहे' असे समजू नका. उपचार सुरू होण्याआधीच तो मंदावला असेल, तर ती जास्त काळजीची खूण आहे.