हात लांब, पण कशाच्या मानाने?

नोव्हेंबर २००३मध्ये पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून एक मादी ओरांगउटान ओडिशातल्या नंदनकाननला गेली. तिचं नाव बिन्नी. २०१९मध्ये ती वारली, तोवर भारतातली एकुलती एक ओरांगउटान म्हणून तिची ओळख होती. तिच्या फोटोत तांबूस केस दिसतात, जवळजवळ बसलेले डोळे दिसतात, पुढे आलेले ओठ दिसतात. दिसत नाहीत ते ताटलीसारखे पसरलेले गाल. आणि ओरांगउटान म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच गाल येतात!

असे गाल फक्त पूर्ण वाढलेल्या काही नरांना येतात. ‘काही’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण वयात आलेले, पिल्लांचे बाप झालेले काही नरही वर्षानुवर्षं या गालांविना राहतात आणि अंगापिंडाने मादीसारखेच दिसतात. म्हणजे गाल दिसले तर तो ओरांगउटान नर नक्की. नाही दिसले, तर त्यावरून काहीच ठरत नाही. प्राणिसंग्रहालयातल्या फोटोंबाबत होणारे बरेचसे घोटाळे याच जातीचे असतात. एखादी ठळक खूण लक्षात राहते आणि ती नसली की ओळख चुकते.

घोटाळा जुनाही आहे. १६९९मध्ये लंडनमध्ये एडवर्ड टायसन या वैद्याने एका लहान चिंपांझीचं शवविच्छेदन करून त्यावर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकात त्या प्राण्याला चक्क ‘ओरांग-आउटांग’ म्हटलं. त्याच्यासमोर प्रत्यक्ष प्राणी होता. फोटोवरून ओळखणाऱ्यांनी फार ओशाळायचं कारण नाही.

पहिली चाळणी मात्र सोपी आहे: शेपूट. गिबन, ओरांगउटान, चिंपांझी आणि गोरिला यांपैकी कोणालाही शेपूट नसतं. हे चौघे कपी. गावातलं माकड किंवा काळतोंड्या वानर या कुळातला नव्हे. लांब हातापायांचा, दोराला लटकलेला सडपातळ प्राणी पाहून ‘गिबन’ म्हणण्याआधी मागे पाहावं. शेपूट दोराला गुंडाळलेलं असेल तर तो दक्षिण अमेरिकेतला स्पायडर मंकी असण्याची शक्यता मोठी.

शेपूट नाही हे ठरलं की येतो तो सगळ्यांत मोठा गैरसमज: ‘हात लांब असला की गिबन.’ या चारही प्राण्यांचे हात पायांपेक्षा लांब असतात. माणसात पायाची हाडं शंभर धरली तर हाताची साधारण सत्तर भरतात. चिंपांझीत ती शंभराच्या थोडी वर जातात, गोरिलात एकशे पंधरा ते वीसच्या आसपास. गिबन आणि ओरांगउटान यांच्यात तर एकशे तीस-चाळीसच्या घरात. ओरांगउटानचं हे प्रमाण बऱ्याच गिबनांपेक्षा जास्तच भरतं. मग लांब हातांचा म्हणून नाव मात्र गिबनचंच का?

उत्तर पायांत आहे. ओरांगउटानचे पाय आखूड असतात, म्हणून त्याचा हात पायाशी ताडून पाहिला की अवाढव्य वाटतो. गिबनचे पायही लांबसडक. पण त्याचं धड एवढंसं असतं की त्याच्या मानाने हात आणि पाय दोन्ही ताणल्यासारखे दिसतात. म्हणून फोटोत हात ‘लांब आहे का’ हे न बघता ‘कशाच्या मानाने लांब’ हे बघावं. छोटं धड, बारीक दंड, लांब पाय आणि त्याहून लांब हात, हा गिबन. भारी धड, फताडं पोट, मुडपलेले आखूड पाय आणि दोन्ही बाजूंना पसरलेले हात, हा ओरांगउटान. मोठ्या नराचे पसरलेले हात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरच्या वर जातात, आणि दंडावरून लोंबणाऱ्या केसांच्या झालरीमुळे ते आणखीच पसरट वाटतात.

प्राणी ताठ उभा असेल तर आणखी एक माप मिळतं. माणसाची बोटं मांडीच्या मध्यावर येतात. चिंपांझीची गुडघ्याच्या जराशी खाली, गोरिलाची नडगीच्या मध्याजवळ, ओरांगउटानची घोट्यापर्यंत. गिबनची तर जमिनीला टेकू शकतात. म्हणूनच जमिनीवर चालताना गिबन हात वर धरून, तोल सावरत दोन पायांवर पळतो. हा फोटो एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. उलट हाताची बोटं आत मुडपून, मधल्या पेरांच्या पाठीवर भार टाकून चार पायांवर उभा असलेला प्राणी चिंपांझी किंवा गोरिला असतो. ओरांगउटान जमिनीवर आला तर बहुधा मुठीवर किंवा तळव्याच्या कडेवर भार देतो.

या मापांना फोटोत एक मोठी मर्यादा आहे. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत काचेला टेकलेला पंजा अंगाच्या दुप्पट दिसतो आणि मागे दुमडलेला पाय गायबच होतो. अशा वेळी हात मोजण्याचा नाद सोडून चेहऱ्याकडे वळावं.

काळ्या रंगाच्या दोघांत, म्हणजे चिंपांझी आणि गोरिलात, पहिली नजर कानांवर टाकावी. चिंपांझीचे कान मोठे आणि डोक्यापासून सुटे. गोरिलाचे लहान, केसांत दबलेले. मग नाक. चिंपांझीचं नाक बसकं, नजरेत न भरणारं. गोरिलाच्या नाकपुड्या रुंद, जाड कडांच्या असतात आणि त्यांच्याभोवतीच्या सुरकुत्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी. जंगलात अभ्यास करणारे संशोधक या नक्षीवरूनच एकेक गोरिला ओळखतात. वाढलेल्या नराच्या डोक्याला मागे टोक आल्यासारखं दिसतं. तिथे कवटीवर हाडाचा उभा कंगोरा असतो आणि चघळण्याचे दणकट स्नायू त्याला धरून असतात. अंगाकडे पाहिलं तर गोरिलाचे खांदे आणि दंड जाडजूड, पोट मोठं आणि पाठ खांद्याकडून कुल्ल्यांकडे उतरती. वाढलेला नर दीडशे किलोच्या आसपास किंवा वर भरतो. चिंपांझीचा नर साधारण चाळीस ते साठ किलोंचा.

चेहऱ्याचा रंग मात्र फसवा. चिंपांझीच्या पिल्लांचा चेहरा गुलाबीसर असतो आणि वयाबरोबर काळवंडतो, त्यामुळे एकाच पिंजऱ्यातले दोन चिंपांझी दोन वेगळ्या जातींचे वाटू शकतात. लहानपणापासून काळा चेहरा, गुलाबीसर ओठ आणि डोक्यावर मधोमध भांग असेल तर तो चिंपांझीचा सख्खा भाऊ बोनोबो असावा. त्याला अनेक फलकांवर आणि मथळ्यांत चिंपांझीतच ढकललं जातं.

दुसरा ठाम समज: पाठ पांढरट दिसली की गोरिला. चांदीसारखी पाठ येते ती फक्त वयात आलेल्या गोरिला नराला, साधारण बारा वर्षांनंतर. मादीला ती येत नाही. २०२१मध्ये जर्मनीहून म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात दोन नर गोरिला आले तेव्हा एक चौदा वर्षांचा होता आणि दुसरा आठ. आठ वर्षांच्या नराची पाठ काळीच असते. त्या वेळी दोघांचा एकत्र फोटो पाहून धाकट्याला मादी किंवा थेट चिंपांझी ठरवणं किती सोपं होतं! गंमत अशी की म्हाताऱ्या चिंपांझींचीही कंबर आणि पाठ करडी होते, नराची तशीच मादीचीही. म्हणजे काळ्या पाठीचा गोरिला आणि करड्या पाठीचा चिंपांझी, दोन्ही अगदी नेहमीचे. पिल्लांच्या बुडावरचा पांढरा झुपकाही दोन्हीकडे सापडतो, तेव्हा त्याच्यावरून निवाडा करू नये.

रंगावरून सगळ्यांत जास्त फसवतो तो आपल्याकडचा हूलॉक गिबन. भारतातल्या जंगलात राहणारे कपी म्हणजे हूलॉकच, तेही फक्त ईशान्येत. आसामात जोरहाटजवळचं होल्लोंगापार अभयारण्य त्यांच्यासाठीच ओळखलं जातं. एका फांदीवर पांढऱ्या भुवयांचा काळा प्राणी आणि शेजारी पिवळसर तपकिरी प्राणी असा फोटो दिसला की दोन जाती समजायचा मोह होतो. ते नर-मादीचं जोडपं असतं. पिल्लू जन्मतः पांढुरकं असतं, मग काळं होतं, आणि मादी वयात येताना पुन्हा फिकी होते. पण हाच नियम थायलंड-मलेशियाकडच्या पांढऱ्या हातांच्या लार गिबनला लावला तर पंचाईत होते. तिथे फिका किंवा काळा रंग नर-मादीवर अवलंबून नसतो. लारची खूण म्हणजे चेहऱ्याभोवतीचं पांढरं कडं आणि पांढरे पंजे.

हे सगळं एकत्र लावून पाहायला एक फोटो घेऊ. काळाकुट्ट, केसाळ प्राणी दोराला एका हाताने लटकला आहे, खाली कोणीतरी लिहिलंय: ‘खेळकर चिंपांझी’. शेपूट नाही, म्हणजे कपी हे ठीक. कान शोधावेत तर केसांत हरवलेले. चिंपांझीचे असते तर दिसल्यावाचून राहिले नसते. कपाळाची कमान चिंपांझीसारखी जाड नाही. मग गोरिलाचं पिल्लू? गोरिलाचं पिल्लूही गोलमटोल, जाड दंडांचं असतं. इथे धड आखूड, दंड बारीक आणि मोकळा पायही लांब. एवढ्यावर गिबन ठरतो, पण सगळा काळा गिबन, ना पांढऱ्या भुवया ना पांढरे पंजे, हे काय? हनुवटीखाली पाहिलं की केस नसलेली सैल, करडी कातडी लोंबताना दिसते. हा सियामांग, गिबनांतला सर्वांत मोठा, सुमात्रा आणि मलाया द्वीपकल्पातला. ती कातडी म्हणजे घशाची पिशवी. गाताना ती फुगून डोक्याएवढी होते, आणि ती नर-मादी दोघांनाही असते. त्याचं वजन बहुधा दहा ते चौदा किलो, म्हणजे वाढलेल्या चिंपांझीच्या चौथाई-तिसऱ्या हिश्शाएवढं. पण फोटोत मोजायला शेजारी माणूस नसतो, आणि म्हणूनच त्याला चिंपांझी म्हणणारे इतके सापडतात.

घशाची पिशवी केसांत लपली असेल आणि पाऊल स्पष्ट दिसत असेल, तर पायाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटामध्ये कातडीचा पडदा आहे का तेही पाहता येतं. सियामांगच्या शास्त्रीय नावातला ‘सिंडॅक्टिलस’ म्हणजे जुळलेल्या बोटांचा, तो यावरूनच. फक्त फोटो काढणारे बहुतेक वेळा चेहऱ्यावर नेम धरतात आणि पाय चौकटीबाहेर राहतात.