टाउनशिपसाठी ट्रान्सफॉर्मर किती मोठा लागतो? समजून घ्या डिमांड फॅक्टरचं गणित

पुण्यात एखादी २४० फ्लॅट्सची टाउनशिप उभी राहतेय, असं समजा. प्रत्येक फ्लॅटमधला गीझर, एसी, ओव्हन, दिवे मिळून ६ किलोवॅटची उपकरणं आहेत. म्हणजे एकूण १,४४० किलोवॅट. पण एवढ्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर कुणीच बसवत नाही. असं का?

सगळं एकदम चालत नाही

एका घरात सगळी उपकरणं एकाच वेळी सुरू नसतात. जोडलेल्या भारापैकी प्रत्यक्षात जास्तीत जास्त जेवढा वापरला जातो, त्या प्रमाणाला डिमांड फॅक्टर म्हणतात. आपल्या उदाहरणात तो ०.५ धरू. म्हणजे प्रत्येक घराचे ३ किलोवॅट, एकूण ७२०.

शिवाय सगळ्या घरांचा कमाल वापरही एकाच क्षणी होत नाही. त्यासाठी पुन्हा निम्मे धरले, तर ३६० किलोवॅट उरतात. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचे ९० मिळवले की ४५०. पॉवर फॅक्टर ०.९ धरून हे होतात ५०० केव्हीए. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर साधारण ८० टक्के भरतो. आज हे ठीक आहे.

अंदाज कुठे चुकतो?

जानेवारीच्या सकाळी गीझर आणि मे महिन्याच्या रात्री एसी, हे दोन भार एकत्र येत नाहीत. त्यामुळे गणित जमतं. इलेक्ट्रिक गाड्यांचं मात्र तसं नाही. लोक ऑफिसमधून आल्यावर गाडी चार्जिंगला लावतात, म्हणजे नेमकी एसीच्याच वेळी.

३.३ किलोवॅटचे ६० चार्जर आले आणि निम्मेच एकदम चालले, तरी ११० केव्हीए वाढतात. ट्रान्सफॉर्मर ९७ टक्के भरतो. सगळे एकदम लागले, तर गरज ७२० केव्हीएवर जाते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात नव्या निवासी इमारतींमधल्या किमान २० टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगची तयारी ठेवायला सांगितलं होतं, ते यासाठीच महत्त्वाचं.

मग आधीच मोठा बसवायचा?

गरज नाही. ट्रान्सफॉर्मर रिकामा असला, तरी चालू असेपर्यंत थोडी वीज खातोच. तो नंतर बदलता येतो. अवघड असतं ते त्याच्या पुढचं एलटी पॅनल बदलणं, कारण त्यातूनच सगळ्या इमारतींना केबल जातात.

६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टला सुमारे ८४० अँपिअर देतो, १,००० केव्हीएचा सुमारे १,३३३. म्हणून पॅनलमधली मुख्य पट्टी, म्हणजे बसबार, सुरुवातीपासूनच १,६०० अँपिअरची घ्यावी. चार्जरसाठी काही जागा रिकाम्या ठेवाव्यात. ट्रान्सफॉर्मरचा चौथराही मोठ्या मापाचा बांधावा.

रहिवाशांना कसं कळेल?

उन्हाळ्यात रात्री मुख्य ब्रेकर वारंवार पडत असेल, तर भार वाढल्याची शक्यता असते. मात्र आधी इलेक्ट्रिशियनकडून तिन्ही फेजचा करंट मोजून घ्यावा. एकाच फेजवर जास्त भार असेल, तर तो तिन्हींवर वाटून काम भागू शकतं. तिन्ही फेज भरलेले असतील, तर चार्जिंग मध्यरात्रीनंतर ढकलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तेही पुरेसं नसेल, तर मात्र मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी महावितरणकडे जावं लागतं.