धावून झाल्यावर शरीरासाठी काय उरते?

विहारातल्या आरोग्य शिबिरात एक आई मुलीची वही घेऊन आमच्याकडे आली. मुलगी १७ वर्षांची. तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून अकरावी करते आणि ३००० मीटर धावते. चार महिने पाळी आलेली नाही, डाव्या नडगीत एका जागी दुखते. आई म्हणाली, "तिचे सर म्हणतात, मेहनत करणाऱ्या पोरींचं असं होतंच. वजन तर पन्नासच्या पन्नास आहे, एक किलोपण कमी झालं नाही. मग खाणं कमी पडतंय असं कसं म्हणायचं?"

वहीत मुलीने रोज काय खाल्ले आणि किती धावली हे नीट लिहिले होते. म्हणून आम्ही तिथेच बसून हिशोब मांडला. तोच इथे देत आहोत.

पगारातून आधी कर्जाचा हप्ता कापला जातो आणि उरलेल्या पैशात घर चालवावे लागते. शरीराचेही तसेच आहे. धावायला लागणारी ऊर्जा आधीच खर्च होऊन जाते. हृदय, मेंदू, यकृत, हाडांची झीज भरणे, पाळीचे चक्र, वाढ हे सगळे उरलेल्यातून चालते. या उरलेल्या भागाला 'उपलब्ध ऊर्जा' म्हणतात. ती काढायची रीत अशी: दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामाच्या कॅलरी वजा करायच्या आणि आलेल्या संख्येला शरीराच्या चरबी सोडून राहिलेल्या वजनाने भागायचे. चरबी वगळतात, कारण ती बहुतांशी साठा आहे. ऊर्जेची रोजची मागणी मुख्यतः स्नायूंची आणि अवयवांची असते.

आता या मुलीचे पाहू. वजन ५० किलो, चरबी सुमारे २० टक्के, म्हणजे चरबीविरहित वजन ४० किलो. सकाळी साडेपाचला ती १२ किलोमीटर धावते. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ कॅलरी लागते. म्हणजे १२ गुणिले ५०, असे ६०० झाले. संध्याकाळच्या व्यायामाचे १०० धरले तर एकूण ७००. वहीतले खाणे म्हणजे सकाळी नुसता चहा, साडेनऊला पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि वरण-भात, पाचला चहा-बिस्किटे, रात्री भाकरी आणि आमटी. ते सारे मिळून १८५० कॅलरीच्या आसपास भरले. त्यातून ७०० गेले, ११५० उरले. ४० ने भागले की उत्तर येते साधारण २९.

निरोगी तरुण स्त्रीसाठी हा आकडा ४५ च्या आसपास असावा असे मानतात. ३० च्या खाली तो धोक्याचा इशारा समजला जातो. मधल्या पट्ट्यात काही दिवस, तेही देखरेखीखाली, चालून जातात. पण महिनोन्महिने तिथे राहणे बरे नाही.

हा ३० चा आकडा आला कुठून? अमेरिकेत ॲन लाउक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळाडू नसलेल्या, पाळी नियमित असलेल्या २९ तरुणींना पाच-पाच दिवस मोजके अन्न आणि ठरावीक व्यायाम देण्यात आला. उपलब्ध ऊर्जा ४५ आणि ३० असताना, पाळीचे चक्र चालवणारे मेंदूतल्या ग्रंथीचे संप्रेरक ठरलेल्या ठेक्यात स्रवत राहिले. २० वर आणल्यावर तो ठेका बिघडला, १० वर आणखी बिघडला. फक्त पाच दिवसांत! याच संशोधिकेने आधी हेही दाखवले होते की, खर्च होईल तितके खाणे वाढवले तर व्यायामाने तो ठेका बिघडत नाही. म्हणजे दोष मेहनतीचा नव्हे, मेहनतीला न पुरणाऱ्या अन्नाचा आहे. "असं होतंच" या वाक्याला आमचे उत्तर हेच आहे.

हाडांचे तर त्याहून नाजूक आहे. त्याच गटाच्या पुढच्या प्रयोगात ३० वर असतानाच नवे हाड घडण्याची काही चिन्हे मंदावलेली दिसली. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडांचा दुसरा आधारही जातो. वाढत्या वयात हाडे भरायची असतात, म्हणून १७ व्या वर्षी हे जास्त महागात पडते.

राहिला वजनाचा प्रश्न. आईची शंका रास्त होती. ऊर्जा कमी पडली की शरीर काटकसर करते. थायरॉइडचे काम मंदावते, विश्रांतीतला खर्च घटतो, पाळी थांबवली जाते. अशा तऱ्हेने जमाखर्च जुळतो आणि काटा ५० वरच राहतो. म्हणून वजन स्थिर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. सतत थंडी वाजणे, सराव करूनही वेळ न सुधारणे, वारंवार आजारी पडणे, चिडचिड या खुणा पाहाव्यात. मुलांनाही हे होते. त्यांना पाळीसारखी उघड खूण नसते आणि त्यांच्यासाठी ३० सारखी पक्की रेषाही ठरलेली नाही.

मुलींसाठीसुद्धा ही रेषा सुरीने कापल्यासारखी नाही. वरच्या हिशोबात चरबी २० ऐवजी २४ टक्के धरा. चरबीविरहित वजन ३८ होते आणि उत्तर ३० च्या थोडे वर जाते. बसून राहिली असती तरी त्या तासाभरात ५०-६० कॅलरी गेल्याच असत्या. काटेकोर पद्धतीत त्या व्यायामाच्या खर्चात धरत नाहीत, आणि मग आकडा आणखी दीडने वाढतो. उलट, वहीत लिहायला विसरलेला वडापाव कुणी मोजत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे तज्ज्ञ, ज्यांनी २०१४ साली या दुखण्याला 'रेड-एस' हे नाव दिले, एकट्या आकड्यावर निदान करू नका असे सांगतात. आकडा संशय दाखवतो. निदान पाळी, हाडे आणि रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी करायचे.

त्या आईला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी हाड दुखते आहे तोवर धावणे बंद. ताणाने पडलेली चीर सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, तेव्हा एक्स-रे चांगला आला तरी दुखणे राहिले तर एमआरआयबद्दल विचारा. दुसरी, तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावेच. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर कारणे तपासून बाजूला करावी लागतात. मात्र गर्भनिरोधक गोळ्या देऊन रक्तस्राव आणला तर दुखणे बरे झाले असे समजू नये. तो गोळ्यांचा परिणाम असतो. अन्नाची तूट तशीच राहते आणि तिची खूण मात्र झाकली जाते.

आणि खाणे. ४५ वर यायला ४० गुणिले ४५, म्हणजे १८०० उरायला हवेत. त्यात धावण्या-व्यायामाचे ७०० मिळवले की २५००. म्हणजे रोज साडेसहाशेची तूट होती. आई म्हणाली, "वसतिगृहात एवढं कुठून मिळणार?" आम्ही मांडून दाखवले: धावण्याआधी एक केळे, धावून आल्याबरोबर दुसरे केळे आणि पेलाभर म्हशीचे दूध, संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. एवढ्याने तूट जवळपास भरते. यात वेळेलाही महत्त्व आहे. पहाटे रिकाम्या पोटी १२ किलोमीटर आणि पहिले अन्न साडेनऊला, ही चार तासांची पोकळी दिवसाची बेरीज बरोबर आली तरी शरीराला जाचते.

पाळी परत यायला मात्र काही महिने लागू शकतात, आणि हाडाला त्याहून अधिक. वही चालू ठेवायची असे ठरले. मुलीने त्यात एक नवा रकाना आखला, पाळीच्या तारखेचा.